आई किंवा बाबाच्या मृत्यूनंतर मुलांना काय सांगायचं, काय टाळायचं

घरात अचानक मृत्यू झाला की पहिले काही तास फोन, दवाखान्याचे कागद, अँब्युलन्स आणि नातेवाईक यांतच जातात. मुलांना शेजारी पाठवलं जातं. शेजारच्या काकू टीव्ही लावून देतात, खायला देतात आणि ‘बाबा कुठंय?’ असं विचारलं की ‘येतील हं’ म्हणतात. त्यांचा हेतू चांगलाच असतो. पण दुपारी घरी आलेल्या मुलाला अंगणात चपलांचा ढीग दिसतो, आतून रडण्याचे आवाज येतात, आणि सकाळी ज्यांच्यावर विश्वास ठेवला त्यांनी आपल्याला खोटं सांगितलं हे त्याला कळतं. पुढचे कित्येक महिने त्याला जे प्रश्न पडतील ते खरं बोलणाऱ्या माणसालाच विचारावेसे वाटतील. म्हणून ते माणूस तुम्हीच असायला हवं, आणि त्याची सुरुवात पहिल्या दिवशी होते.

पुढचं सगळं एका ठरावीक घरापुरतं लिहिलं आहे, म्हणजे नेमकी वाक्यं देता येतील. समजा, ४२ वर्षांचा बाप रात्री हृदयविकाराच्या झटक्याने दवाखान्यात वारला. मागे पत्नी, म्हातारी आई आणि तीन मुलं आहेत: ४ वर्षांची मुलगी, ९ वर्षांचा मुलगा आणि १४ वर्षांची मोठी मुलगी. आई वारली असेल किंवा आजार लांबलेला असेल तर तपशील बदलतील, पण बोलण्याची पद्धत हीच राहील.

पहिली बातमी: कोणी, कुठे, कशी

शक्य असेल तर आईनेच सांगावं. तिला बोलणंच अशक्य असेल तर मुलांच्या रोजच्या ओळखीच्या माणसाने, म्हणजे आजीने, मावशीने किंवा सोबत राहणाऱ्या काकाने सांगावं आणि आईने शेजारी बसावं. आईला सांगताना रडू आलं तर येऊ द्यावं. मुलं आईच्या रडण्याने घाबरतात ती कारण कळत नसतं तेव्हा. ‘मला बाबाची खूप आठवण येतेय म्हणून रडू येतंय’ एवढं म्हटलं की ते रडणं त्यांना समजतं.

माणसं जमण्याआधी सांगा. दवाखान्यातून निघतानाच घरी असलेल्या मोठ्या माणसाला फोन करून बजावा की मुलांना कोणीही काही सांगू नये आणि चौदा वर्षांच्या मुलीचा मोबाइल नजरेखाली ठेवावा. नातेवाइकांच्या ग्रुपवर ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ पडायला दहा मिनिटंही लागत नाहीत, आणि बापाचा फोटो हार घातलेला पाहून बातमी कळणं फार वाईट. मुलं झोपलेली असतील तर मुद्दाम उठवू नका. पण जाग आल्यावर पहिलं काम हेच. आतल्या खोलीत, दार लोटून, खाली बसून, मुलांच्या उंचीवर येऊन बोला.

तिघांना एकत्रच सांगावं आणि वाक्यं धाकटीला कळतील अशी असावीत. मोठीला जास्तीचं नंतर वेगळं सांगता येतं. साधारण असं:

‘मला तुम्हाला एक खूप वाईट गोष्ट सांगायची आहे. काल रात्री बाबाच्या छातीत खूप दुखायला लागलं. आपल्या छातीत हृदय असतं, ते सगळ्या अंगाला रक्त पाठवतं. बाबाचं हृदय बंद पडलं. डॉक्टरांनी ते पुन्हा सुरू करायचा खूप प्रयत्न केला, पण झालं नाही. बाबाचा मृत्यू झाला.’

इथे थांबा. पुढचं वाक्य बोलायची घाई करू नका. एखादं मूल किंचाळेल, एखादं गप्प बसेल, आणि धाकटी ‘मग मी आता खेळायला जाऊ?’ असं विचारेल. तिला माया नाही असा त्याचा अर्थ नाही. चार वर्षांच्या मुलाला दुःख सलग सोसता येत नाही. ते श्रावणातल्या ऊनपावसासारखं येतं आणि जातं. तिला जाऊ द्या. ती परत येईल तेव्हा तेच सगळं पुन्हा, त्याच शब्दांत सांगायचं आहे.

‘बाबा गेले’ असं म्हणायची आपल्याकडे सर्रास पद्धत आहे, आणि ‘बाबा मेला’ हे तोंडातून निघत नाही; शिवीसारखं लागतं. पण चार वर्षांच्या मुलीसाठी बाबा रोजच सकाळी जातो आणि संध्याकाळी येतो. ‘गेले’ ऐकलं की ती संध्याकाळची वाट बघते. म्हणून ‘मृत्यू झाला’ किंवा ‘मरण पावला’ म्हणा आणि लगेच त्याचा अर्थ सांगा. मेलेली मुंगी, मेलेलं पाखरू तिने पाहिलेलं असतं. तिथून समजावता येतं.

वयाप्रमाणे समज

मृत्यू कळणं म्हणजे काही साध्या गोष्टी कळणं: मेलेलं परत जिवंत होत नाही, शरीराची सगळी कामं थांबतात, हे प्रत्येक जिवंत गोष्टीचं कधी ना कधी होतं, आणि त्याला शरीरातलं काहीतरी कारण असतं. मार्क स्पीस आणि सँडर ब्रेंट या अमेरिकी संशोधकांनी तोवर झालेले अभ्यास तपासून १९८४ मध्ये मांडलं की यातल्या पहिल्या तीन गोष्टी बहुतेक मुलांना ५ ते ७ वर्षांच्या दरम्यान कळतात. आपल्या घरातली चार वर्षांची मुलगी त्या वयाच्या अलीकडे आहे, मुलगा पलीकडे. म्हणून एकच वाक्य दोघांना वेगळं ऐकू जातं.

चार वर्षांची मुलगी. तिला शरीरातून समजावायचं: ‘बाबाचं शरीर आता चालत नाही. तो श्वास घेत नाही, त्याला भूक लागत नाही, थंडी वाजत नाही, दुखतही नाही. ते परत सुरू होणार नाही. बाबा परत येणार नाही.’ ती मान डोलवेल आणि दोन दिवसांनी विचारेल, ‘बाबा माझ्या वाढदिवसाला येणार ना?’ काही आठवडे हा प्रश्न दिवसातून अनेकदा येईल. ‘एकदा सांगितलं ना!’ असं ओरडू नका. उत्तर तेच, शब्द तेच: ‘नाही ग बाळा. बाबाचा मृत्यू झाला. तो येऊ शकत नाही. त्याला यायला आवडलं असतं.’ प्रत्येकाने वेगळं उत्तर दिलं तर ती गोंधळते, म्हणून आजी, काका, कामाला येणाऱ्या मावशी या सगळ्यांना हीच वाक्यं सांगून ठेवा.

या वयात दुःख तोंडातून कमी आणि अंगातून जास्त दिसतं. सुटलेली सवय परत येते: अंथरूण ओलं होतं, अंगठा तोंडात जातो, भरवून हवं असतं, आई बाथरूममध्ये गेली तरी दाराशी उभं राहून रडणं. हे काही आठवडे चालतं. रागावू नका, लाजवू नका. रात्री प्लॅस्टिकचा कागद घाला आणि झोपायची वेळ, गोष्ट, दूध हे सगळं पूर्वीच्याच क्रमाने ठेवा. बाहुलीला झोपवून ‘ही मेली, आता जाळायची’ असा खेळ ती खेळली तर मोठी माणसं दचकतात आणि थांबवतात. थांबवू नका. पाहिलेलं ती खेळातून समजून घेते आहे.

नऊ वर्षांचा मुलगा. याला मृत्यू कायमचा आहे हे कळतं, म्हणून त्याचे प्रश्न बोचणारे असतात. दुखलं का? जळताना काय होतं? डॉक्टर उशिरा आले का? खरी, छोटी उत्तरं द्या. माहीत नसेल तर ‘मला माहीत नाही, डॉक्टरांना विचारू’ म्हणा आणि खरोखर विचारा.

पण बोलून दाखवत नाही असा एक प्रश्न या वयात बहुधा मनात असतो: हे माझ्यामुळे झालं का? आदल्या दिवशी बाबाने मोबाइल काढून घेतला म्हणून तो मनात ‘तू नकोच’ म्हणाला असेल. अभ्यास केला नाही म्हणून बाबा चिडला असेल, आणि ‘याच्यामुळे माझं बीपी वाढतं’ हे बाबाचं वाक्य त्याला आठवत असेल. मुलाने विचारायची वाट न बघता आपणच सांगावं: ‘कोणी काही म्हटल्यामुळे, भांडल्यामुळे किंवा मनात राग आल्यामुळे हृदय बंद पडत नाही. बाबाच्या हृदयाला रक्त नेणाऱ्या नळीत अडथळा झाला होता. तू काही केल्यामुळे हे झालं नाही आणि तू काही करून ते थांबवू शकला नसतास.’ एवढं एकदा सांगून पुरत नाही. आठवड्याने, महिन्याने, पुन्हा सांगा.

दुसरा लपलेला प्रश्न: आता तूही मरशील का? तो रात्री उठून आईचा श्वास चालू आहे का बघतो. ‘मी कधीच मरणार नाही’ असं वचन देऊ नका. बाबानेही ‘संध्याकाळी येतो’ म्हटलं होतं. असं सांगा: ‘बहुतेक माणसं खूप म्हातारी होऊन मरतात. मी डॉक्टरांकडे तपासून घेतलंय आणि मी काळजी घेते. मला खूप वर्षं तुमच्याबरोबर राहायचं आहे.’ त्यातूनच तिसरा प्रश्न येतो: आमचं कोण बघणार? त्याला नाव घेऊन उत्तर द्या. ‘आणि मला काही झालंच, तर तुम्ही तिघं मावशीकडे एकत्र राहाल. माझं तिच्याशी बोलणं झालंय.’ हे बोलण्याआधी मावशीशी खरंच बोला. शाळा बदलणार का, घर सोडावं लागणार का, हेही ठरलं असेल तसं सांगा. ठरलं नसेल तर ‘ठरलं की आधी तुम्हाला सांगेन’ म्हणा.

चौदा वर्षांची मुलगी. हिला वेगळं बसवून वैद्यकीय तपशील द्या. नाहीतर ती इंटरनेटवर शोधेल आणि मध्यरात्री एकटी वाचेल. किती वाजता दुखायला लागलं, किती वाजता दवाखान्यात पोचले, डॉक्टर काय म्हणाले, हे सरळ सांगा. ‘आम्हालाही होईल का?’ असं ती विचारेल. कमी वयात हृदयविकार झालेल्या माणसाच्या मुलांना धोका थोडा जास्त असतो हे खरं आहे; रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल तपासता येतं हेही खरं आहे. दोन्ही सांगा.

ती रडणार नाही कदाचित. मैत्रिणींशी हसेल, कानात हेडफोन घालून पडेल. समोर बसवून ‘बोल ना, मोकळी हो’ म्हटलं की ती आणखी मिटते. मटार सोलताना, गाडीवरून जाताना, कपडे वाळत घालताना बोलणं सोपं जातं, कारण डोळ्याला डोळा द्यावा लागत नाही. तिच्याबाबत सर्वात मोठी चूक अशी होते की ती हळूहळू घराची दुसरी आई बनते. भावंडांचे डबे भरते, आईला गोळ्या देते, आणि सगळे तिचं कौतुक करतात. ती मदत करेल, करू द्या. पण आईने रात्री रडायला दुसरा मोठा माणूस शोधावा, मुलीची कूस नाही. आणि तिचा क्लास, तिची सहल, तिचं भांडण करायचं वय तसंच राहायला हवं.

भेटायला येणाऱ्यांची वाक्यं

तेरा दिवसांत घरी शेकडो माणसं येतात आणि प्रत्येक जण मुलाच्या डोक्यावर हात ठेवून काहीतरी बोलतो. त्यातली काही वाक्यं वर्षानुवर्षं टोचतात, म्हणून दाराशी बसणाऱ्या एका नातेवाइकाला हे काम द्यावं: मुलांशी काय बोलू नये ते येणाऱ्याला हळूच सांगायचं.

‘बाबा झोपलेत’ हे सर्वात धोक्याचं. ऐकणारं मूल झोपायला घाबरतं किंवा आईला झोपू देत नाही. ‘आजारी पडले आणि वारले’ एवढंच सांगितलं तर पुढच्या सर्दीला ते मूल स्वतःच्या मरणाची वाट बघतं. त्यासोबत ‘हा हृदयाचा मोठा आजार होता, तापाने, खोकल्याने असं होत नाही’ हे जोडायला हवं.

‘चांगली माणसं देवाला आवडतात म्हणून देव लवकर नेतो.’ यातून मूल दोन गोष्टी शिकतं: देव चोर आहे, आणि चांगलं वागणं धोक्याचं आहे. ‘बाबा तारा झाला’ हे धाकटीला शब्दशः खरं वाटतं. ती विमानाने आणायला जाऊ म्हणेल, आणि ढगाळ रात्री रडेल. घरात आत्मा, देवाघर, पुनर्जन्म यांवर श्रद्धा असेल तर ती लपवायची गरज नाही. फक्त क्रम पाळा. आधी शरीराचं: हृदय बंद पडलं, बाबा परत येणार नाही. ते पक्कं झाल्यावर श्रद्धेचं, आणि श्रद्धा म्हणूनच: ‘आपल्या घरात असं मानतात की आत्मा देवाजवळ जातो.’

नऊ वर्षांच्या मुलासाठी सर्वात जड वाक्य वेगळंच आहे: ‘आता तूच घरातला कर्ता पुरुष. आईला सांभाळायचं.’ जवळपास प्रत्येक काका हे म्हणतो. मुलगा ते खरं मानतो, रडणं बंद करतो, आणि आईला रडू आलं की आपण कमी पडलो असं समजतो. हे ऐकू आलं की आईने किंवा आजीने तिथल्या तिथे, मुलाला ऐकू जाईल असं म्हणावं: ‘नाही, तो नऊ वर्षांचा आहे. सांभाळायला आम्ही मोठे आहोत. तो शाळेत जाईल आणि खेळेल.’ ‘रडू नकोस, आईला त्रास होईल’, ‘निदान आई तरी आहे’, ‘लहान आहे, विसरेल’ हीसुद्धा त्याच जातीची वाक्यं.

मग पाहुण्याने काय बोलावं? बाबाबद्दलची एक खरी, छोटी आठवण सांगावी. ‘तुझा बाबा आमच्या ऑफिसात सगळ्यांची गाडी दुरुस्त करून द्यायचा. मला तो फार आवडायचा.’ आणि मदत करायचीच असेल तर नेमकी करावी. ‘काही लागलं तर सांग’ असं मुलाला सांगून उपयोग नसतो. ‘रविवारी सात वाजता मी येतो, आपण सायकल चालवू’ म्हणावं आणि सात वाजता यावं.

स्मशान, दहावा आणि विधी

मुलांना स्मशानात न्यावं की नाही यावर घरात वाद होतात. कोणावर जबरदस्ती नको, कोणाला अडवणंही नको. काय दिसेल ते आधी सांगा आणि मग विचारा. ‘बाबाच्या शरीराला तिरडीवर ठेवतील, वर फुलं असतील, नाकात कापूस असेल. चेहरा थोडा पिवळट आणि हात लावला तर थंड लागेल. खूप माणसं रडतील. तुला जवळ जायचंय का? नको असेल तरी चालेल.’ आगीचं सांगण्याआधी शरीराला दुखत नाही हे पक्कं करून घ्या, मगच म्हणा: ‘मेलेल्या शरीराला काही लागत नाही, म्हणून आपण ते अग्नीला देतो.’ दफन असेल तर ‘अंधारात गुदमरणार नाही का?’ हा प्रश्न येतोच. उत्तर तेच, श्वास थांबलेला आहे.

जाणाऱ्या प्रत्येक मुलासोबत एक मोठा माणूस हवा, ज्याला स्वतः विधी करायचे नाहीत आणि जो ‘चल, आपण बाहेर जाऊ’ म्हणून कधीही उठू शकतो. चितेला अग्नी दिल्यावर मुलांना बाहेर आणा. पुढचा भाग, विशेषतः कपालक्रिया, मुलांनी पाहू-ऐकू नये. नऊ वर्षांच्या मुलाच्या हातून अग्नी देण्याचा आग्रह घरात होतो. तो स्वतः म्हणत असेल तर काकाने त्याचा हात धरून करावं. तो मागे सरकला तर काकाने करावं आणि त्यावर पुन्हा कोणी बोलू नये. मुलगी म्हणत असेल तर तिलाही करू द्यावं. न जाणाऱ्या मुलाला घरी काम द्या: चिठ्ठी लिहून बाबासोबत ठेवायला देणं, फुलं वेचून देणं.

दहाव्याच्या दिवशी एका गोष्टीची फार काळजी घ्यावी लागते. पिंडाला कावळा शिवला नाही की घाटावर कुजबुज सुरू होते: ‘पोरांत जीव अडकलाय’, ‘धाकटीची काळजी आहे त्याला.’ मग कोणीतरी मोठ्याने ‘मुलांचं आम्ही बघू’ असं वचन देतो. मोठ्यांना ही रीत दिलासा देते. पण तिथे उभा असलेला नऊ वर्षांचा मुलगा ऐकतो की बाबा आपल्यामुळे अडकला आहे. मुलं सोबत असतील तर आधीच सांगा की कावळा भूक असली की, माणसं लांब असली की येतो. तो आला नाही तर त्याचा बाबाशी किंवा तुमच्याशी संबंध नाही.

आईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं हे मुलांसमोर तर अजिबात होऊ देऊ नका, आणि खरं तर होऊच देऊ नका. ज्या दिवशी बाबा नाही त्याच दिवशी आईलाही कोणीतरी ओढताना, तिचा चेहरा बदलताना मुलं बघतात. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने या प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनाही तसं आवाहन करणारं परिपत्रक काढलं. नातेवाईक अडून बसले तर हा दाखला देता येतो.

मृत्यू आत्महत्येने झाला असेल तर

विदर्भ-मराठवाड्यात शेतकऱ्याच्या घरी, आणि शहरातही अनेक घरी, हे ‘अपघात झाला’ म्हणून झाकलं जातं. गावाला माहीत असतं, म्हणजे शाळेत मुलाला कोणीतरी सांगतंच. ते घरातून आधी कळावं. धाकट्यांना: ‘बाबाच्या मनाला खूप मोठा आजार झाला होता. त्यामुळे त्याला नीट विचार करता येत नव्हता. त्याने स्वतःचा जीव घेतला.’ कसा, हे सांगायची गरज नाही. मोठ्या मुलीने विचारलं तर एका वाक्यात, वर्णन न करता. कर्ज, भांडण, नापास झालेला मुलगा यांपैकी एकच गोष्ट कारण म्हणून सांगू नका. ‘त्यातून सुटला’ असंही म्हणू नका. मरण हा सुटकेचा मार्ग आहे असं मूल शिकतं. त्याऐवजी सांगा: ‘असं दुःख झालं तर मदत मिळते. तुला कधी तसं वाटलं तर मला सांग, मी रागावणार नाही.’

शाळा

साधारण आठवड्याभरात, विधींच्या सोयीने, शाळा सुरू करावी. सुरुवातीचे दोन-तीन दिवस अर्धा वेळ चालेल. त्याआधी एका मोठ्या माणसाने वर्गशिक्षकांना भेटून दोन गोष्टी ठरवाव्यात: मुलांना काय सांगायचं, आणि वर्गात रडू आलं तर कुठे जायचं. वर्गाला बातमी मूल नसताना, साध्या शब्दांत द्यावी. ‘त्याच्याकडे बघत बसू नका, खेळायला बोलवा’ एवढं पुरतं. रडू आलं तर न विचारता बाहेर जायची एक खूण ठरवावी, जसं बाकावर पट्टी उभी ठेवणं, आणि जाऊन बसायला एक ठरलेली जागा असावी.

आपल्याकडे मुलाच्या नावातच बापाचं नाव असतं. हजेरीला, वहीवर, परीक्षेच्या कागदावर रोज ते पुढे येतं. काही मुलांना ते ऐकून रडू येतं, काहींना ते नाव ऐकायला आवडतं. शिक्षकांनी मुलालाच विचारावं, आणि ‘कै.’ लिहायचं की नाही हे मुलाच्या देखत घोषित करू नये. अक्षर बिघडणं, धडा वाचून काहीच न आठवणं हे पुढचे काही महिने होतं. दुःखात लक्ष लागत नाही, त्याला आळस म्हणू नका. गृहपाठ थोडा कमी करून द्यावा.

पुढचे महिने

तेराव्यानंतर नातेवाईक जातात आणि खरं दुःख सुरू होतं. कपडे, चप्पल, चष्मा एकाच दिवशी वाटून टाकू नका. प्रत्येक मुलाला एकेक वस्तू निवडू द्या. एक न धुतलेला शर्ट बंद पिशवीत ठेवा. वास टिकतो आणि धाकटीला तो लागतो. बाबाच्या फोनमधले आवाजाचे संदेश, व्हिडिओ आणि फोटो दुसरीकडे उतरवून घ्या, कारण वापर नसलेलं सिम बंद होतं आणि फोन बिघडतात.

पहिली दिवाळी बहुतेक घरी करत नाहीत. ते मुलांना आठवडाभर आधी सांगा, आणि काय करणार तेही सांगा: फटाके नाहीत, पण आकाशकंदील लावू आणि बाबाच्या आवडीच्या चकल्या आजी करेल. वाढदिवस, वर्षश्राद्ध, शाळेतला ‘फादर्स डे’ या दिवसांवर कॅलेंडरमध्ये खूण करून ठेवा. मूल विनाकारण चिडलं, पोट दुखतंय म्हणालं की तारीख बघा.

बॉस्टन परिसरात विल्यम वर्डन आणि फिलिस सिल्व्हरमन यांनी आई किंवा वडील गमावलेल्या ७० कुटुंबांतल्या ६ ते १७ वयाच्या १२५ मुलांचा दोन वर्षं मागोवा घेतला. काही मुलांचा त्रास पहिल्या वर्षी नाही, दुसऱ्या वर्षी उठून दिसला. मागे राहिलेला पालक कसा सावरतो, यावर मुलाचं सावरणं फार अवलंबून होतं. म्हणून आईची झोप, आईचं जेवण, आईसाठी बोलायला एक मैत्रीण, हे मुलांच्याच मदतीत धरा. आणि धाकटी सात-आठ वर्षांची झाली की सगळं नव्याने विचारेल, कारण तेव्हा तिला ‘कायमचं’ म्हणजे काय ते कळेल. तिचं दुःख तेव्हा मोठं दिसेल. त्या वेळी मोठीला दिलेला तपशील तिलाही द्यायचा.

मदत कधी घ्यायची

सुरुवातीच्या काही आठवड्यांत जवळपास काहीही घडू शकतं. काळजीची गोष्ट म्हणजे जे कमी होत नाही ते. सहा महिन्यांनंतरही जवळपास रोज तीव्र ओढ, मृत्यू झालाच नाही असं वागणं किंवा काहीच न वाटणं, आणि त्यामुळे शाळा, मित्र, जेवण बंद पडणं, असं असेल तर बालमानसोपचारतज्ज्ञांकडे जा. सहा महिने हा निकष जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणातही लांबलेल्या शोकासाठी आहे. शाळा सलग दोन-तीन आठवडे नाकारली, वजन उतरलं, स्वतःला इजा केली किंवा मोठी मुलगी नशा करू लागली, तर सहा महिने थांबू नका.

‘मला बाबाकडे जायचंय’ हे वाक्य नीट ऐका. चार वर्षांच्या मुलीच्या तोंडी त्याचा अर्थ बहुधा ‘बाबा हवा’ असा असतो. ‘तुला बाबाला भेटावंसं वाटतंय का, की मरावंसं वाटतंय?’ असं थेट विचारा. विचारल्याने ती कल्पना डोक्यात शिरत नाही. नऊ किंवा चौदा वर्षांच्या मुलाने ‘मरावंसं वाटतं’ म्हटलं तर त्याला एकटं सोडू नका, घरातली औषधं आणि कीटकनाशकं कुलपात ठेवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. टेली-मानसचा १४४१६ हा केंद्र सरकारचा क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून आहे. तो मोफत, चोवीस तास आणि मराठीतही चालतो. मुलांसाठीचा १०९८ हाही क्रमांक आहे. समुपदेशकांकडे पहिल्यांदा जाताना मृत्यू कसा झाला, मुलाला काय सांगितलं आहे, काय सांगितलेलं नाही, आणि झोप, भूक, शाळा यांत कधीपासून काय बदललं, हे एका कागदावर लिहून न्या. मुलासमोर हे सगळं तोंडी सांगावं लागत नाही, आणि मुलाला न सांगितलेली गोष्ट तिथे चुकून बाहेर पडत नाही.